वेण्णा लेक, एक होडी आणि फोटोशॉपचं जुनं ‘डिस्प्लेस’: काही महिन्यांच्या वापरानंतर

महाबळेश्वरला प्री-वेडिंगचं शूट असलं की वेण्णा लेक ठरलेलाच. मागण्याही ठरलेल्या: “मागची ती पर्यटकांची होडी काढा” किंवा “आमच्या मागे एक लाकडी होडी टाका ना”. गेले काही महिने ही दोन्ही कामं मी फोटोशॉपच्या दोन जुन्या साधनांवर करतोय, क्लोन स्टॅम्प आणि डिस्प्लेस फिल्टर. डिस्प्लेस फारसं कुणी उघडत नाही. पाण्याच्या कामात मात्र त्याच्यावाचून माझं पान हलत नाही.

आधी काढण्याबद्दल. होडी पुसणं हा त्यातला सोपा भाग. तिचं प्रतिबिंबही सगळ्यांच्या लक्षात येतं. राहून जाते ती होडीमागची लाट. चालत्या होडीमागे लाटांच्या दोन रेघा फुटतात आणि खोल पाण्यात त्या मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण १९.५ अंशांवर पसरत जातात. होडी गेली तरी ही तिरकी रेघ फ्रेमच्या कडेपर्यंत तशीच असते. म्हणून मी आधी ती रेघ शोधतो, मग होडीला हात लावतो.

क्लोन करताना नमुना त्याच आडव्या पट्ट्यातून घ्यावा लागतो, कारण कॅमेऱ्याकडे येताना लहरी मोठ्या दिसत जातात. क्लोन सोर्सच्या पॅनेलमध्ये उभा ऑफसेट शून्य ठेवला की हे आपोआप सांभाळलं जातं. पण समोरच्या काठावर झाडी असली की एवढ्यावर भागत नाही. बाजूचं पाणी उचललं की शेजारच्या झाडाचं प्रतिबिंबही सोबत येतं, आणि वर झाड नसताना खाली खोड दिसू लागतं. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं. आधी बरोबर वरची झाडी उलटी करून, ब्लर करून तिथे नुसता रंग भरायचा. मग शेजारच्या पाण्याला हाय पास लावून, म्हणजे रंग गाळून नुसत्या लहरी ठेवून, ते ओव्हरले मोडमध्ये वर घालायचं. रंग जागेवरचा, लहरी शेजारच्या.

आता होडी घालण्याचं काम, जिथे डिस्प्लेसचा खरा कस लागतो. पण त्याआधी आकार. इथे मी अंदाजावर जात नाही, कारण साधा हिशेब आहे: सपाट पाण्यावरच्या प्रत्येक वस्तूला क्षितिजाची रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. एका फोटोत कॅमेरा पाण्यापासून दीड मीटरवर होता. क्षितिज वरून १५०० व्या पिक्सेलला, आणि होडी जिथे टेकवायची ती जागा १९५० ला. म्हणजे ४५० पिक्सेल बरोबर दीड मीटर, मीटरला ३००. होडीचा काठ पाण्यावर ४० सेंटीमीटर असेल तर तो १२० पिक्सेल उंच. आडवी उभी असलेली ५ मीटरची होडी १५०० पिक्सेल लांब. आत बसलेल्या नावाड्याचं डोकं पाण्यापासून १.१ मीटरवर धरलं तर ३३० पिक्सेल, म्हणजे क्षितिजाच्या खालीच. त्याचं डोकं वर निघालं तर होडी मोठी झाली. वेण्णासारख्या लहान तलावात खरं क्षितिज पलीकडच्या काठाच्या रेषेपेक्षा वीस-तीस पिक्सेल वर असतं, तेवढं जमेस धरायचं.

मग प्रतिबिंब. होडीची प्रत उलटी करून खाली चिकटवली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते चुकीचं दिसतं, आणि का ते चटकन सांगता येत नाही. पाणी होडीकडे खालून पाहतं. आपल्याला वरून होडीच्या पलीकडच्या फळीची आतली बाजू दिसते, प्रतिबिंबात ती कधीच दिसत नाही. तिथे फक्त बाहेरची बाजू असते, आणि नावाडी काठाआड थोडा जास्त झाकलेला असतो. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत हा फरक पातळ पट्टीएवढा असतो, उंच कट्ट्यावरून काढलेल्यात चांगलाच मोठा. म्हणून उलटी प्रत वापरण्याआधी मी तिच्यातून होडीचा आतला भाग छाटतो आणि बाहेरची फळी तिथपर्यंत ओढून घेतो.

आता डिस्प्लेस. हे फिल्टर दुसऱ्या एका करड्या चित्राकडे, म्हणजे मॅपकडे, बघून पिक्सेल सरकवतं. १२८ हा मधला करडा म्हणजे हलायचं नाही. काळा एका दिशेला, पांढरा उलट्या. स्केल १०० असेल तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल. मॅप मी त्याच फोटोतल्या पाण्याचा करतो: कृष्णधवल प्रत, त्यावर हाय पास ३० च्या आसपास, मग अगदी हलका ब्लर. हाय पासमुळे सरासरी मधल्या करड्यावर येते. नाहीतर फिकट पाण्यावरचं सगळं प्रतिबिंबच एका बाजूला सरकतं. प्रतिबिंब ज्या लहरींवर पडायचंय त्याच लहरींनी तुटतं, म्हणून ते तिथलंच वाटतं. वेव्ह किंवा रिपलसारखी तयार इफेक्ट्स इथेच फसतात.

स्केल दोन्ही दिशांना सारखं ठेवायचं नाही. पाण्याकडे तिरकं पाहताना लहरी प्रतिबिंबाला मुख्यतः वर-खाली ओढतात. दिव्याचं प्रतिबिंब लांब खांबासारखं दिसतं ते त्यामुळेच. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत मी उभं २५ आणि आडवं ६ पासून सुरुवात करतो. शिवाय होडीच्या तळाशी प्रतिबिंब जवळजवळ अखंड असतं आणि नावाड्याच्या डोक्याकडे जाताना विस्कटत जातं. फिल्टरला हे कळत नाही. म्हणून दोन प्रती, एक कमी स्केलची, एक जास्तीची, आणि मध्ये ग्रेडियंट मास्क.

शेवटी ब्लेंड इफमध्ये खालच्या लेयरचा पांढरा स्लायडर ऑल्ट दाबून फोडायचा, म्हणजे पाण्यावरची चमक प्रतिबिंबातून वर येते. होडी जिथे पाण्याला टेकते तिथे दोन-तीन पिक्सेलची मऊ काळी रेघ. तिच्याशिवाय होडी पाण्यावर नाही, हवेत असते.

डिस्प्लेसच्या तक्रारीही आहेत. प्रीव्ह्यू नाही, आकडा टाका, ओके करा, मग बघा. मॅप पीएसडीच लागतो. एखादं सिलेक्शन चालू राहिलं तर मॅप त्याच्या मापात ताणला जातो आणि लहरी जुळत नाहीत. स्मार्ट ऑब्जेक्टवर लावलं तर निदान आकडे पुन्हा बदलता येतात. शोधायला: `Filter > Distort > Displace`.

तपासायला मी फोटो उलटा करून बघतो. सरळ फोटोत नजर चेहऱ्यांवर जाते, उलट्यात पाण्यावर. १२ बाय ३६ च्या अल्बमला अजून एकही होडी परत आलेली नाही.

एक काम मात्र मी घेत नाही: घोटाभर पाण्यात उभा माणूस नंतर घालणं. पायांभोवती गोल लहरी असतात, जवळच्या पाण्यात प्रतिबिंबासोबत तळही दिसतो, कारण सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. आणि कपड्याची ओली कड वेगळीच. मॅपमधून यातलं काहीच येत नाही. अशा वेळी मी सरळ सांगतो, माणसाला पाण्यात उभं करा, फोटो तिथेच काढू.