लाल खुणांचा रिपोर्ट आणि गेलेले १२,५४० रुपये

परभणीत आमच्या घरातून १२,५४० रुपये गेले. 'फूड इन्टॉलरन्स'च्या रक्त तपासणीचे ७,८००, 'आहार सल्ल्या'चे १,५०० आणि पोट सुधारणाऱ्या पावडरीचे ३,२४०. धाकट्या भावाचं पोट वर्षभर फुगायचं, सोनोग्राफी नॉर्मल. थकलेला माणूस पैसे काढतो. शिकलेसवरलेले असून आम्हीही काढले.

रिपोर्ट हातात आला तेव्हाच ओळखायला हवं होतं. लाल खुणा कशावर? गहू, दूध, शेंगदाणा, हरभरा, तूर, लसूण. हिरव्या कशावर? सॅल्मन मासा, कालवं, क्रॅनबेरी. परभणीत सॅल्मन खातो कोण? जे रोज ताटात ते लाल, जे जन्मात चाखलं नाही ते हिरवं. कागद समोर होता, तरी डोळे उघडले नाहीत. वर 'सतरा पदार्थ बंद' ऐकून आजार सापडला म्हणून बरंच वाटलं!

या तपासणीत मोजतात ते आयजीजी हे प्रतिपिंड शरीर आपण खातो त्या अन्नाची ओळख म्हणून बनवतं. अन्न सोसत नाही असा त्याचा अर्थ नाही. उलट, ॲलर्जी असलेल्यांना तोच पदार्थ हळूहळू देऊन सवय लावतात, तेव्हा त्याचाच एक प्रकार, आयजीजी-४, वाढतो. युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलंय की निदानासाठी ही तपासणी करू नये. खरी ॲलर्जी आयजीई या वेगळ्या प्रतिपिंडाची, आणि दूध न पचणं तर दुधातल्या लॅक्टोज या साखरेचं दुखणं, त्यात प्रतिपिंडाचा संबंधच नाही.

खरं नुकसान पैशाचं नव्हतंच. तीन महिने पोळी बंद, वजन चार किलो उतरलं. मग पोटाच्या डॉक्टरांनी सीलिॲक, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होणाऱ्या आजारासाठी टीटीजी-आयजीए तपासणी सांगितली आणि पहिला प्रश्न विचारला, "गहू खाताय ना?" गहू सोडलेल्या माणसाची ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. म्हणजे सहा आठवडे रोज दोन पोळ्या खाऊन मगच रक्त द्यायचं. (नॉर्मल आली.) गहू सोडायच्या आधी ही तपासणी करा, हे त्या सल्लागाराला १,५०० घेऊनही सांगता आलं नाही.

तक्रारीला गेलो तर एका कार्यालयात म्हणाले, "तपासणी केली, रिपोर्ट दिला, मग फसवणूक कुठली?" दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं, तिसऱ्याने पहिल्याकडेच. चार खेपा, रिक्षाचे ३६० रुपये वेगळे. पावतीवर 'वेलनेस पॅकेज' लिहिलं होतं, म्हणून ती 'वैद्यकीय बाब नाही' म्हणे! पैसे घेताना मात्र पांढरा कोट घातला होता. पावतीवर तपासणीचं नाव लिहून घ्या. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

आता न सोसणाऱ्या पदार्थाचा शोध कसा घ्यायचा ते. ओठ सुजणं, अंगावर गांधी, दम लागणं असं कधी झालं असेल तर घरी प्रयोग करूच नका, आधी डॉक्टर. लहान मुलं आणि गरोदर बाईच्या बाबतीतही तेच. बाकीच्यांनी एका वेळी एकच पदार्थ घ्यावा. भावाच्या बाबतीत दूध घेतलं. आधी एक आठवडा काही न बदलता रोज रात्री वहीत पोटफुगीला ० ते १० गुण. सरासरी ७ आली. मग तीन आठवडे दूध बंद, म्हणजे चहातलंही, खव्यातलंही, बिस्किटातली दूध पावडरसुद्धा. फसतं ते इथेच. गुण २ वर आले.

पण एवढ्यावर थांबलात तर पुन्हा फसाल, कारण नुसत्या समजुतीनेही पोट हलकं वाटतं. पदार्थ परत द्यायलाच हवा. पहिल्या दिवशी १०० मिली दूध, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्या दिवशी ३००, मग तीन दिवस बंद. भावाला २०० पर्यंत काही नाही, ३०० ला पोट फुगलं. मनाचा खेळ नको म्हणून वहिनीने पुढे न सांगता कधी साधं, कधी लॅक्टोजमुक्त दूध कॉफीत दिलं. लॅक्टोजमुक्त दूध जरा गोड लागतं, म्हणून कॉफी साखर घालून कडक केली. त्रास साध्याच दुधाचा निघाला.

म्हणजे 'दूध लाल' हे बरोबर निघालं? नाही. आयजीजी दुधातल्या प्रथिनाला चिकटतं, आणि भावाला न सोसणारी गोष्ट लॅक्टोज ही साखर. शेंगदाणा, तूर, लसूण पुन्हा सुरू केले, गुण २ च्या वर गेले नाहीत. सतरा खुणांत एक नेम लागला. आज तो दिवसाला दोन कप चहा पितो, वाटीभर दही खातो, कारण विरजणात लॅक्टोज कमी होतं. या सगळ्याला लागली एक वही, वीस रुपयांची.