वायफाय आयआर ब्लास्टर: आठ महिने वापरल्यावर

आयआर ब्लास्टर म्हणजे फोनवरचा हुकूम वायफायने घेऊन रिमोटसारखेच अदृश्य इन्फ्रारेड संकेत सोडणारी छोटी डबी. फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर चालू आहे. म्हणजे सोलापूरचा अख्खा उन्हाळा या डबीने पाहिलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचं घर जुळे सोलापुरात, मी कामाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत. एसी जुना, साध्या रिमोटचा. कामावरून निघताना फोनवरून तो लावायचा, एवढ्यासाठीच हा खर्च. जोडताना एकदाच अडलो: डबी फक्त २.४ गीगाहर्ट्झचं वायफाय पकडते, त्यामुळे राउटरवर त्या बँडला वेगळं नाव द्यावं लागलं.

पहिली गंमत एप्रिलमध्ये. दुपारी आई खोलीत झोपलेली. तिने हातातल्या रिमोटने एसी २७ वर ठेवला होता. मी कामावरून अॅप उघडलं आणि फक्त पंख्याचा वेग कमी केला. संध्याकाळी घरी आलो तर आई चादर गुंडाळून बसलेली. "अरे, एसीला झालंय काय? मी २७ ठेवलं होतं की!"

कारण असं, की एसीचा रिमोट "पंखा कमी" एवढंच सांगत नाही. प्रत्येक दाबाला तो तापमान, मोड, पंखा, सगळी स्थिती एकदम पाठवतो. अॅपला आईच्या २७ चा पत्ताच नव्हता. त्याच्याकडे माझं जुनं २४ होतं, तेच त्याने सोबत धाडलं. आयआर एकतर्फी आहे. डबी सांगते, एसी ऐकतो किंवा ऐकत नाही, उलट उत्तर कधीच येत नाही.

मे महिन्यात याचाच मोठा फटका बसला. निघताना एसी लावला, अॅपमध्ये "चालू" दिसलं, घरी पोचलो तर खोली भट्टी. कुणीतरी पडदा ओढला होता आणि तो नेमका डबीच्या पुढे आला होता. हुकूम डबीपर्यंत बरोब्बर पोचला, पुढे कापडात अडला. आता एसीच्या खोलीत त्याच अॅपला जोडणारा छोटा तापमापक ठेवलाय. दहा-पंधरा मिनिटांत आकडा खाली सरकला नाही, तर एसी लागलेला नाही, हे बाहेरूनच कळतं. डबीच शंकेची वाटली तर फोनचा कॅमेरा तिच्यावर धरून अॅपमधलं बटण दाबा. बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतो. लुकलुकला तर डबी ठीक, अडथळा पुढे शोधा.

आता क्लाउडचं. कारखान्यातून बटण दाबलं की फोन थेट घराशी जोडला जात नाही. डबीने घरातून कंपनीच्या सर्व्हरशी एक जोडणी सतत उघडी ठेवलेली असते. माझा हुकूम आधी सर्व्हरवर जातो आणि तिथून त्या जोडणीने घरी उतरतो. म्हणूनच राउटरमध्ये काही उघडून द्यावं लागत नाही. वाटेत मजकूर कुलूपबंद असतो, इंटरनेटवाल्याला वाचता येत नाही. पण सर्व्हर म्हणजे वाट नव्हे, कुलूप उघडतं ते तिथेच. कोणत्या खात्यातून, कोणत्या डबीला, किती वाजता, कोणता हुकूम आणि घराचा आयपी पत्ता, हे सगळं त्यांच्यासमोर असतं.

यात काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. मग एकदा अॅपमधली नोंद वाचली. सोमवार ते शनिवार पावणेसहाच्या आसपास एसी चालू, रविवारी दुपारी. गावी गेलो ते चार दिवस कोरे. घर केव्हा रिकामं असतं, हे सांगायला वेगळा कॅमेरा लागत नाही.

रविवारी एक चाचणी केली. राउटर चालू ठेवून फायबरची वायर काढली. घरात बसून अॅपमधून एसी चालू-बंद झाला, म्हणजे जवळच्या हुकमाला माझ्या डबीला सर्व्हर लागत नाही. पण सहाचं लावलेलं वेळापत्रक चाललंच नाही. ते डबीत नसून सर्व्हरवर होतं.

मग डबी राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाकली, म्हणजे तिला घरातला लॅपटॉप वगैरे दिसणार नाही. त्याची किंमत मोजावी लागली: फोन मुख्य नेटवर्कवर असल्याने दोघांची थेट भेट बंद. आता शेजारच्या खोलीतून दिलेला हुकूमही सर्व्हरला वळसा घालून येतो आणि नेट गेलं की अॅप मुकं. मला हे चालतं, आईकडे रिमोट आहेच. जोडणी झाल्यावर अॅपची लोकेशनची परवानगी काढून घेतली. "घराजवळ आल्यावर एसी लावा" ही सोय त्यामुळे मिळत नाही, पण तेवढ्यासाठी दिवसभर माझा ठावठिकाणा कशाला द्यायचा?

टीव्ही मात्र अॅपमधून काढून टाकला. आमच्या टीव्हीला चालू आणि बंद यासाठी एकच बटण, म्हणजे एकच संकेत. बाहेरून दाबताना तो आधी चालू होता की बंद, हे कळायला मार्ग नाही. जूनमध्ये मी "बंद" समजून दाबलं आणि भर दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बातम्या मोठ्याने सुरू झाल्या. आईने शेजारच्या काकूंना बोलावून आणलं होतं.