जायफळ: श्रीखंडातलं आणि झोपेच्या दुधातलं

डबा तोच, पूड तीच. पण श्रीखंडात जाणारं जायफळ आणि झोप येत नाही म्हणून दुधात ढवळलेलं जायफळ यांत फरक मापाचा आहे, आणि तो फार मोठा आहे.

आधी श्रीखंड. किलोभर चक्क्याला मी पाव छोटा चमचा पूड घालते. सपाट छोट्या चमच्यात जेमतेम दोन ग्रॅम पूड मावते, म्हणजे ही झाली अर्धा ग्रॅम. साखर मिसळल्यावर त्यातून पंधरा वाट्या सहज निघतात आणि एकेकाच्या वाट्याला तीस-पस्तीस मिलिग्रॅम जायफळ येतं. दोनदा वाढून घेतलं तरी काही होत नाही. पुरणपोळीचं आणि बासुंदीचं गणितही याच्या आसपासच राहतं. शिवाय श्रीखंडात पूड जास्त पडली तर ते कडवट-तुरट लागतं आणि पाहुणे वाटी बाजूला सारतात.

दुधात हा पहारा नसतो. साखर घातलेलं गरम दूध कडवटपणा झाकतं आणि पूड तळाशी बसते. चिमूट म्हणजे चमच्याचा साधारण सोळावा भाग. तेवढ्याने बिघडत नाही. पण ‘चमचाभर घे’ असं कुणी सांगितलं आणि चमचा शिगोशीग भरला, की एका पेल्यात तीनेक ग्रॅम जातात. साधारण पाच ग्रॅमपासून, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या सोललेल्या जायफळापासून, विषबाधेची लक्षणं दिसल्याच्या नोंदी आहेत. काहींना त्याहून कमीतही त्रास होतो.

खरा घात उशिराने होतो. जायफळातल्या तेलात मिरिस्टिसिन असतं, आणि त्याचा परिणाम दिसायला तीन ते सहा तास, कधी जास्तही लागतात. दहाला दूध प्यायलं, अकरापर्यंत झोप नाही, म्हणून दुसरा पेला. पहाटे मग तोंडाला कोरड, छातीत धडधड, मळमळ, चेहरा लाल, प्रचंड अस्वस्थता आणि कधी भासही. हे दिवसभर, क्वचित त्याहून जास्त टिकतं. मृत्यू फार दुर्मीळ, पण यावर उतारा असं औषध नाही; दवाखान्यात लक्षणं सांभाळतात. घरी उलटी करवू नये. किती आणि केव्हा घेतलं ते डॉक्टरांना सांगावं, नाहीतर धडधड ऐकून सगळे हृदयाच्याच मागे लागतात.

जायपत्री त्याच फळाची, तिच्यातही हेच द्रव्य असतं.

बाळगुटीत सहाणेवर एखादा वळसा उगाळतात, तो हिशेब वेगळा. तान्ह्याचं वजन चार-पाच किलो, आणि वळसा कुणाचा हलका, कुणाचा जोरकस. मोजता येत नाही, म्हणून मी ते टाळते. गरोदरपणातही श्रीखंडाच्या वाटीपलीकडे जाऊ नये.

पूड विकत घेण्यापेक्षा अख्खं फळ घ्या. बारीक किसणीवर चार-पाचदा फिरवलं की पदार्थापुरतं पडतं, आणि चमचाभर किसायचं तर हात दुखून येतो.