जाड मग की पातळ कप? कॉफीसाठी भांडे निवडताना

जाड मगमध्ये कॉफी जास्त वेळ गरम राहते, हा समज अर्धाच खरा आहे. मग थंड असेल, तर पहिल्याच मिनिटात तो कॉफीची बरीच उष्णता स्वतःकडे ओढून घेतो आणि हा तोटा पुढे भरून निघत नाही. भाजलेल्या मातीचा एक ग्रॅम एक अंशाने तापायला पाण्याच्या साधारण एक पंचमांश उष्णता लागते. म्हणजे 350 ग्रॅम वजनाचा थंड मग वापरणे हे कॉफीत सुमारे 75 मिलिलिटर थंड पाणी मिसळण्याइतकेच आहे, फरक एवढाच की कॉफी पातळ होत नाही. खोलीचे तापमान 25 अंश आणि 200 मिलिलिटर कॉफीचे 85 अंश धरले, तर कॉफी आणि मग दोन्ही सुमारे 69 अंशांवर येऊन ठरतात. तीच कॉफी 150 ग्रॅमच्या पातळ पोर्सेलीन कपात ओतली, तर ती 77 अंशांच्या आसपास राहते. प्रत्यक्षात काठाचा भाग कॉफीला टेकत नाही आणि बाहेरची बाजू थोडी थंड राहते, त्यामुळे दोन्हीकडे घट याहून थोडी कमी असते. पण दोहोंतला फरक जिभेला कळण्याइतका असतो.

मग आधी उकळत्या पाण्याने भरून मिनिटभर ठेवला आणि पाणी ओतून लगेच कॉफी घेतली, तर चित्र उलटते. आता जाड भिंतीत साठलेली उष्णता कॉफीच्या उपयोगी पडते आणि तापमान सावकाश उतरते. त्यामुळे ज्यांना मग तापवून घेण्याचा कंटाळा आहे, त्यांनी जाड मग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष तोंडाच्या रुंदीकडे द्यायला हवे. उघड्या कपातून उष्णता जाण्याचा मोठा मार्ग म्हणजे पृष्ठभागावरून उडणारी वाफ. नऊ सेंटिमीटर तोंडाच्या मगचा उघडा पृष्ठभाग साडेसहा सेंटिमीटरच्या कपाच्या जवळजवळ दुप्पट असतो. वाफेबरोबर सुगंधी घटकही निघून जातात. रुंद तोंडातून ते खोलीत पसरतात, तर वर निमुळत्या होत गेलेल्या कपात कॉफीवरच्या पोकळीत साठून घोट घेताना नाकाशी येतात. फाबियाना कार्व्हाल्हो आणि चार्ल्स स्पेन्स यांच्या 2018 च्या अभ्यासात ट्यूलिपसारख्या आकाराच्या कपातल्या कॉफीचा सुगंध चाखणाऱ्यांना अधिक तीव्र वाटला. मात्र हा लाभ हलक्या भाजणीच्या, बिनदुधाच्या कॉफीत खरा उठून दिसतो. दूध-साखरेच्या कॉफीसाठी केवळ सुगंधाकरिता महाग निमुळता कप घेण्याचे कारण मला दिसत नाही.

स्टीलची गोष्ट वेगळी आहे. सव्वाशे ग्रॅमचा एकपदरी स्टीलचा पेला कॉफीची फारच थोडी उष्णता घेतो, त्यामुळे सुरुवातीला कॉफी कडक गरम राहते. पण स्टीलमधून उष्णता चिनी मातीपेक्षा कितीतरी सहज वाहत असल्याने काठ ओठांना चटका देतो आणि माणूस तोंड न टेकता घाईने घोट घेतो. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत फिल्टर कॉफी पेला-डबऱ्यात देतात, त्यामागची सोय इथे कळते: पेल्यातून डबऱ्यात आणि परत अशी उंचावरून कॉफी ओतली की ती पिण्याजोगी निवते आणि फेसही धरते. निर्वात पोकळीचा, झाकणाचा स्टील मग याच्या दुसऱ्या टोकाला आहे. प्रवासात त्याला तोड नाही, पण झाकणाच्या छोट्या छिद्रातून घोट घेताना पिण्याआधीचा वास जवळपास मिळतच नाही आणि कॉफी बराच वेळ गरजेपेक्षा जास्त गरम राहते.

हा शेवटचा मुद्दा चवीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कॉफीची पारख करणारे एकच कॉफी सुमारे 70 अंशांपासून ती कोमट होईपर्यंत पुन्हापुन्हा चाखतात, कारण फार गरम असताना आंबटपणा आणि गोडवा नीट उमगत नाहीत. कॉफी निवत जाणे हा नेहमी दोष नसतो.

दुपदरी काचेचा कप एकपदरी स्टीलचा पेला आणि निर्वात पोकळीचा मग या दोहोंच्या मध्ये बसतो. त्याची आतली काच पातळ असल्याने सुरुवातीची घट कमी, मधल्या हवेमुळे बाहेरून चटका नाही. वरचे तोंड मात्र उघडेच असल्याने वाफ उडायची थांबत नाही. धुतल्यावर दोन काचांच्या मध्ये पाण्याचे थेंब किंवा धुके दिसू लागले, तर सांधा किंवा तळाचे बूच सैल झाले आहे, असे समजावे आणि त्यात पुन्हा उकळते काही ओतू नये.

काळी कॉफी सावकाश, चव बदलत जाताना अनुभवत पिणाऱ्याने दीडशे-दोनशे मिलिलिटरचा, आतून गुळगुळीत झिलईचा, वर किंचित निमुळता पातळ पोर्सेलीन कप घ्यावा. टेबलावर काम करता करता अर्धा तास कॉफी पुरवणाऱ्याने जाड मग घ्यावा, पण तो तापवून, आणि त्याला बसेल अशी एखादी झाकणी बघून; तोंड झाकल्याने जेवढी उष्णता वाचते, तेवढी भिंत आणखी जाड करून वाचत नाही.