‘१२ बिट डॅक’ म्हणून विकलं पीडब्ल्यूएम : ४,९६५ रुपये पाण्यात

साइन तरंग काढून देणारे तीन सिग्नल जनरेटर मॉड्यूल, प्रत्येकी १,४९९ रुपये. वर कुरिअरचे ११८. आणि मूर्खपणाचा कळस म्हणजे नंतर ‘अपडेटेड कोड’साठी दिलेले ३५०. एकूण ४,९६५ रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं : ‘प्युअर साइन, १२ बिट डॅक, २० किलोहर्ट्झपर्यंत’. ऑडिओ अॅम्प्लिफायर तपासायला हवं होतं, म्हणून २० किलोहर्ट्झ वाचलं आणि भुललो.

साइनचा तक्ता मेमरीत ठेवून एकेक आकडा बाहेर काढायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. फसवणूक तक्त्यात नसते, तो आकडा व्होल्टेजमध्ये कसा बदलतो तिथे असते. खरा डॅक आकडा मिळाला की तेवढं व्होल्टेज देऊन स्थिर राहतो. पीडब्ल्यूएम फक्त ० आणि ५ व्होल्टमध्ये उड्या मारतो आणि सरासरी काढायचं काम पुढच्या फिल्टरवर ढकलतो. पीडब्ल्यूएम वाईट नाही, स्वस्तात छान काम होतं. पण मग पीडब्ल्यूएम म्हणूनच विका ना!

आता ती गोष्ट, जिच्यासाठी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. जाहिरातीतच ऑसिलोस्कोपचा फोटो होता : ५० हर्ट्झची साइन, दर चौकटीला ५ मिलिसेकंद. तरंगाची रेघ मध्यावर जाड होती आणि वरच्या-खालच्या टोकांना बारीक. आम्हाला वाटलं फोटो हलला असेल. अहो, हललेला फोटो सगळीकडे सारखाच हलतो! मध्ये जाड आणि टोकांना बारीक ही पीडब्ल्यूएमची सही आहे. फिल्टरनंतर उरणारे दाते ड्यूटी, म्हणजे एका फेरीतला ५ व्होल्टचा वाटा, ५० टक्के असताना सर्वांत उंच असतात आणि ड्यूटी ० किंवा १०० टक्क्यांकडे सरकली की नाहीसे होतात. साइनचा मध्य म्हणजे ५० टक्के आणि शिखर म्हणजे जवळजवळ १००. सगळं समोर होतं.

दुसरी खूण त्याच फोटोत होती. बोर्डावर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल स्पष्ट दिसत होता. साध्या ८ बिट मायक्रोकंट्रोलरचा टायमर त्या घड्याळावर चालत असेल, तर १२ बिटच्या पीडब्ल्यूएमला ४०९६ पावलं मोजावी लागतात, म्हणजे एका फेरीला २५६ मायक्रोसेकंद. सेकंदाला जेमतेम ३,९०६ फेऱ्या. त्यातून २० किलोहर्ट्झ काढणं शक्यच नाही. एक भागाकार केला असता तर पैसे वाचले असते.

मल्टीमीटरवर तपासलं नाही का, असं विचारणारे भेटलेच. तपासलं होतं! ५० हर्ट्झला १.७७ व्होल्ट आले. ० ते ५ व्होल्टच्या साइनचा आरएमएस तेवढाच यायला हवा. पण दात्यांचा आरएमएस जास्तीत जास्त ५८ मिलिव्होल्ट. तो वर्गाने मिळवला जातो, त्यामुळे बेरजेत मिलिव्होल्टभर फरक पडतो. मीटरला हे कळणारच नाही. स्कोप लावा, एसी कपलिंग, दर चौकटीला १० मायक्रोसेकंद. फ्रिक्वेन्सी जितकी कमी करता येईल तितकी करा. डॅक असेल तर जवळपास सपाट रेघ दिसते. आमच्याकडे १६ मायक्रोसेकंदांचे त्रिकोणी दाते दिसले, फ्रिक्वेन्सी काहीही ठेवली तरी तेवढेच रुंद. १६ मेगाहर्ट्झ गुणिले १६ मायक्रोसेकंद म्हणजे २५६. जाहिरातीतल्या १२ बिटांतले ८ हाती आले.

बोर्डावर एक आठ पायांची आयसी होती, वरचं नाव घासून काढलेलं. हाच तो डॅक, असं विक्रेत्याचं म्हणणं. नाव घासलेली आयसी दिसली की तिथेच थांबा. एमसीपी ४९२१ सारख्या आठ पायांच्या एसपीआय डॅकमध्ये ८ नंबरच्या पायावर आउटपुट असतो. इथे त्या पायावर कायम ५ व्होल्ट, ४ नंबरचा पाय ग्राउंडला, आणि १ व २ एकमेकांना जोडलेले. ही दुहेरी ऑप-अॅम्पची मांडणी आहे. बिचारी नुसती बफर म्हणून बसवली होती.

तिच्याआधी फिल्टर काय, तर १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड. एवढंच. कटऑफ १.५९ किलोहर्ट्झ. दाते मध्यावर ०.२ व्होल्ट उंच राहतात, आणि १२ बिटचं एक पाऊल असतं १.२ मिलिव्होल्टचं. वर हाच फिल्टर सिग्नलही खातो. १ किलोहर्ट्झला ५ व्होल्टचे सव्वाचार होतात, २० किलोहर्ट्झला ०.४ व्होल्टसुद्धा उरत नाही. तिथे सिग्नल आणि दाते यांच्यात निवड करणं अवघड. नॉब फिरवताना उंची घसरत गेली तर आणखी काही बघू नका, मॉड्यूल परत पाठवा.

आणि ते ३५० रुपये. ‘सर, नवीन कोड टाका, क्लीन येईल.’ कोडमध्ये हे होतं :

```c
t[i] = 128 + 128 * sin(2 * PI * i / 256);
OCR1A = t[phase >> 24];
```

दुसरी ओळ म्हणजे कबुलीजबाबच. `OCR1A` हे टायमरचं रजिस्टर आहे, डॅकचं नव्हे. पहिली ओळ त्याहून भारी. `i` ६४ झाला की उत्तर २५६ येतं, एका बाइटमध्ये ते मावत नाही आणि शून्य होतं. परिणामी ५० हर्ट्झला प्रत्येक शिखरावर ७८ मायक्रोसेकंदांसाठी ड्यूटी जवळजवळ शून्य, आणि फिल्टरनंतर सुमारे २.३ व्होल्टपर्यंत उतरणारी खाच. १२७.५ अधिक १२७.५ गुणिले साइन करून पूर्णांकात घ्यायला हवं होतं. आधी दाते होते, आता ३५० रुपये मोजून खाचही मिळाली.

मग तक्रार. विक्रेता म्हणतो, ‘साइन येते ना सर?’ ज्या साइटवरून घेतलं त्यांना अनबॉक्सिंगचा व्हिडिओ हवा. दात्यांचा स्कोपचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘इमेज क्लिअर नाही.’ पुन्हा पाठवला. ‘प्रॉडक्ट वर्किंग कंडिशनमध्ये आहे.’ तोवर परतीचे सात दिवस संपले. सरकारी तक्रार केंद्राच्या फॉर्ममध्ये ‘तुटलेलं’, ‘मिळालं नाही’ आणि ‘वेगळी वस्तू’ एवढेच पर्याय. वेगळी वस्तू निवडली, तर फोनवरच्या बाईंनी विचारलं, ‘रंग वेगळा आला का?’ डॅक आणि पीडब्ल्यूएममधला फरक दोनदा समजावला. ‘पण चालू होतं ना?’ चालू होतं हो, लाइटही लागतो!

पडून असलेल्या तीनपैकी एका मॉड्यूलमधला फिल्टर बदलला : १ किलोओहम-२२ नॅनोफॅरड, त्यामागे १० किलोओहम-२.२ नॅनोफॅरड. दुसरा रेझिस्टर दसपट ठेवला की तो पहिल्या टप्प्याला खाली खेचत नाही. दाते सुमारे ८५ मिलिव्होल्टवर आले आणि १ किलोहर्ट्झला घट दोन टक्क्यांवर. हे दोन्ही टप्पे बफरच्या आधीच लावा. थेट १० किलोओहमचा भार जोडलात तर निम्मा सिग्नल गायब. १ किलोहर्ट्झपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. अॅम्प्लिफायर तपासायला शेवटी एमसीपी ४९२१ वेगळा आणून बसवला. तो घेताना आयटूसीवाला डॅक आणू नका. ४०० किलोहर्ट्झच्या बसवर एकेक आकडा पाठवायला ४५ मायक्रोसेकंद तरी जातात, आणि २० किलोहर्ट्झची अख्खी फेरीच ५० मायक्रोसेकंदांची.

तक्रारीचा स्टेटस अजून ‘रिझॉल्व्ह्ड’ दाखवतो.