लाल किटली निळी करताना: ह्यू फिरवावा की चमक वेगळी काढावी?

दुकानाच्या पानावर एकच वस्तू पाच रंगांत दाखवायची असते आणि फोटो मात्र एकाच रंगाचा काढलेला असतो. वस्तू मॅट असेल तर फार विचार करावा लागत नाही. पण चकचकीत एनॅमलची किटली, ग्लॉसी प्लास्टिकचा मिक्सर किंवा लाखेचा डबा असेल, तर दोन रस्त्यांपैकी एक निवडावा लागतो. पहिला, फोटोशॉपमध्ये Hue/Saturation लेयर टाकून रंगाची छटा, म्हणजे ह्यू, फिरवणे. दुसरा, चमक आणि खालचा रंग वेगवेगळे काढून, फक्त रंग बदलून पुन्हा जोडणे. मी दोन्ही वापरतो, पण हल्ली दुसऱ्याकडे जास्त वळतो. का, ते एका लाल किटलीवरून सांगतो.

आधी ह्यूची बाजू, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. लाल किटलीवर पांढऱ्या सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे मऊ प्रकाश देणाऱ्या स्टुडिओ दिव्याचा, पट्टा पडलेला असतो आणि त्याच्या कडेला लाल हळूहळू गुलाबी होत पांढऱ्यात मिसळतो. लालची पिवळी किटली करायची असेल तर ह्यू फिरवल्यावर तो गुलाबी फिकट पिवळा होतो आणि पांढरा पांढराच राहतो. मिश्रण जसंच्या तसं टिकतं, काम पटकन उरकतं. सारख्याच गडदपणाचा, सारखाच भडक रंग हवा असेल तर मी आजही एवढ्यावरच थांबतो.

अडचण येते ती गडद रंगात. समजा, किटलीचा लाल RGB आकड्यांत साधारण (190, 25, 30) आहे आणि कारखान्याने दिलेला नेव्ही ब्लू (25, 40, 90). ह्यू फिरवून निळा मिळतो, पण तो उजळ असतो. नेव्हीपर्यंत उतरायला Lightness स्लायडर -45 च्या आसपास न्यावा लागतो. हा स्लायडर मास्कमधल्या, म्हणजे बदलासाठी निवडलेल्या भागातल्या, सगळ्यालाच काळ्याकडे खेचतो, त्यामुळे 250 वर असलेला सॉफ्टबॉक्सचा पट्टा 137 वर येतो. गडद किटलीवर राखाडी पट्टा! ती किटली चकचकीत वाटतच नाही, कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून अर्धवट सोडल्यासारखी दिसते. उलट फिका रंग हवा म्हणून स्लायडर वर नेला, तर हँडलखालच्या सावल्या धुरकट होतात.

यावर सहसा सल्ला मिळतो की हायलाइट मास्कमधून वगळा. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. पट्ट्याचा मधला भाग वगळता येतो, पण त्याची मऊ कड वगळायची की ठेवायची? वगळली तर नेव्ही किटलीवर गुलाबी रेघ उरते. ठेवली तर राखाडी रेघ येते. मास्कची कड मऊ करा, कडक करा, ती रेघ फक्त जागा बदलते. कारण त्या कडेवरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये रंग आणि चमक दोन्ही मिसळलेले असतात आणि मास्कला ते मिश्रण सोडवता येत नाही.

Color ब्लेंड मोडचंही नाव निघतं. त्यात मूळ उजेड तसाच राहतो, म्हणजे या लालवर पिवळा टाकला की तो पिवळा लालइतकाच गडद होऊन शेवाळी दिसतो. त्यामुळे तो पर्याय मी बाजूलाच ठेवतो.

दुसऱ्या रस्त्याचा पाया 1985 मध्ये स्टीव्हन शेफर यांनी मांडलेल्या मॉडेलमध्ये आहे. प्लास्टिक, एनॅमल, वार्निश अशा पृष्ठभागांवरून येणारा प्रकाश दोन भागांचा असतो. एक रंगद्रव्यात शिरून वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो, दुसरा वरच्या थरावरूनच उडतो आणि दिव्याचा रंग कायम ठेवतो. रंगद्रव्य बदललं तरी दुसरा भाग बदलत नाही. म्हणूनच खऱ्या नेव्ही किटलीवरचा पट्टा लाल किटलीवरच्या इतकाच झगझगीत असतो.

लाल वस्तूत हे दोन भाग सुटे करणं सोपं जातं. लाल एनॅमल निळा प्रकाश जवळजवळ परत देतच नाही. त्यामुळे फोटोचा निळा चॅनेल एकटा पाहिला तर किटली काळी दिसते आणि वर फक्त चमक तरंगते. तो चॅनेल म्हणजेच चमकेचा लेयर. लाल चॅनेलमध्ये रंगावरचा छायाप्रकाश अधिक चमक असते. लालमधून निळा वजा केला की नुसता छायाप्रकाश उरतो.

ही वजाबाकी नेहमीच्या 8 बिटमध्ये करू नये. आपल्या किटलीच्या उजळ भागात लाल 190, निळा 30, फरक 160. पट्ट्याच्या मऊ कडेला लाल 215, निळा 117, फरक 98. खरं तर दोन्ही ठिकाणी एनॅमलवर तेवढाच उजेड पडला आहे, पण आकडे गॅमा लावून साठवलेले असल्यामुळे फरक घसरतो आणि हायलाइटभोवती काळपट कडं उमटतं. तेच आकडे लिनियरमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात, नेले तर दोन्ही ठिकाणी फरक साधारण 0.50 येतो. कडं दिसलं की समजावं, कुठेतरी गॅमामध्येच वजाबाकी झाली आहे.

म्हणून फोटोशॉपमध्ये आधी फाइल 32 बिट करायची, म्हणजे हिशोब लिनियरमध्ये होतो. मग लाल आणि निळा चॅनेल राखाडी लेयर म्हणून पेस्ट करायचे आणि निळा वर ठेवून मोड Difference करायचा. किटलीवर लाल नेहमीच मोठा असतो, म्हणून इथे Difference म्हणजे वजाबाकीच. दोन्ही मर्ज करून Exposure +1 दिला की 0.50 चं 1 होतं आणि उजळ भागात कारखान्याचा रंग दिला तसाच दिसतो. त्यावर नेव्हीचा भरीव लेयर Multiply मध्ये, सगळ्यात वर निळ्या चॅनेलची दुसरी प्रत Linear Dodge (Add) मध्ये, आणि पूर्ण ग्रुपला किटलीच्या आकाराचा एकच मास्क. हायलाइटसाठी वेगळा मास्क लागतच नाही, आणि मला या पद्धतीकडे ओढलं ते यानेच. पुढचा रंग हवा असेल तर भरीव लेयरचा आकडा बदलायचा, बस.

याच्याही मर्यादा आहेत. हायलाइटच्या कडेला लाल चॅनेल 255 ला टेकलेला असेल तर वजाबाकी चुकते आणि बारीक काळी रेघ येते. त्यासाठी फोटो थोडा कमी एक्स्पोज करून रॉ फाइलवरून काम करणं बरं. लाकडी टेबलाचं प्रतिबिंब तपकिरी असतं, पांढरं नसतं, त्यामुळे ते छायाप्रकाशात मोजलं जाऊन निळं रंगतं. तिथे मूळ फोटोतला तुकडा हाताने वर आणावा लागतो. ह्यूमध्ये हे प्रतिबिंब निळसर-जांभळं होतं, तेही हातानेच सुधारावं लागतं, म्हणजे या बाबतीत दोघे सारखेच. तांब्या-पितळेला हे गणित लागू नाही, कारण धातू चमकेलाही आपला रंग देतो. पांढरी वस्तू असेल तर चमक आणि रंग वेगळे दाखवणारा चॅनेलच सापडत नाही.

थोडक्या वेळात एखादा जवळचा रंग हवा असेल तर ह्यू पुरेसा ठरावा. पण यादीत नेव्ही, काळपट हिरवा किंवा क्रीम असेल, तर मी तरी चमक वेगळी काढण्यात वेळ घालवीन. शूटसाठी नमुना मागवताना पांढरा न मागवता गडद लाल मागवा.