शीर्षकाआधीचे दहा सेकंद: पुढचा प्रसंग उचलायचा की आजचाच कापायचा?

एक उदाहरण घेऊ. गावातल्या पतसंस्थेचा कॅशियर हा सिरीजचा नायक. पटकथेची सुरुवात अशी आहे: पहाट, देवघरातला दिवा, चहाचं आधण, मग तो स्कूटरला किक मारतो. हे दहा सेकंद पाहून कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही, आणि त्यावर लगेच शीर्षकगीत येतं. इथे कोल्ड ओपन, म्हणजे शीर्षकाआधीच प्रेक्षकाला धरून ठेवणारा छोटा प्रसंग, हवाच. तो लिहायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे भागाच्या शेवटाकडचा प्रसंग आधी दाखवणं. पोलिसांची जीप, मागच्या सीटवर कॅशियर, बाहेर जमलेले ठेवीदार. मग शीर्षक, मग 'तीन दिवसांपूर्वी'. यात धक्का आहे, पण दहा सेकंदांत तो मला अपुरा वाटतो. प्रेक्षक या माणसाला अजून ओळखतच नाही, तर त्याच्या अटकेचं त्याला काय वाटणार? 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला भाग (2008) पुढच्याच प्रसंगाने सुरू होतो, पण त्या सुरुवातीला काही मिनिटं दिलेली आहेत. तेवढ्यात माणूसही कळतो. शिवाय कथा पुन्हा जीपपाशी आली की तिथे नवीन काहीतरी कळायला हवं. नाहीतर तेच दृश्य दुसऱ्यांदा पाहिल्यासारखं होतं.

दुसरा मार्ग: आजच्याच दिवसातला एक क्षण, अगदी उशिरा सुरू करून लवकर तोडलेला.

तिजोरीची खोली. कॅशियर नोटांचं बंडल मोजायला घेतो. वरची नोट खरी. अंगठा पुढे सरकतो आणि खाली कोरे कागद. तो दाराकडे बघतो, रबर बँड पुन्हा चढवतो आणि बंडल जागेवर ठेवतो. शीर्षक.

संवाद एकही नाही. कागद सापडल्यावर तोडलं असतं तर फक्त चोरी कळली असती. बंडल परत ठेवल्यामुळे प्रश्न त्या माणसाचा होतो: हा गप्प का बसला? म्हणून कट रबर बँडच्या आवाजानंतरच, आणि शीर्षकाचं संगीत त्या आवाजावरच उचलायचं.

पहाटेचा प्रसंग फेकू नका. शीर्षकानंतर ती दुसऱ्या दिवसाची पहाट होऊ द्या. बायको विचारते, "साखर घालू का अजून?" तो उत्तर देत नाही, आणि त्याच चहात आता ताण येतो.

या मार्गाची किंमतही आहे. मूळ पटकथेत चोरी मध्यावर उघड होत असेल, तर तिथला धक्का गेला. तो प्रसंग 'आता हा पकडला जाईल का' या भीतीवर नव्याने लिहावा लागतो. तेवढा वेळ नसेल, किंवा तो धक्काच भागाचा कणा असेल, तर कोरे कागद दाखवू नका. कॅशियर तेच बंडल दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा मोजतोय एवढंच दाखवा.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला. पहिला मार्ग तेव्हाच घ्या, जेव्हा शीर्षकाआधी किमान दीड-दोन मिनिटं मिळणार असतील.